एसएसटीएफ आणि स्कॅनचं उत्तर मॅच होत नाही? आधी फरक किती येतोय ते बघा

डिस्क शेड्युलिंग, म्हणजे डिस्कच्या हेडने रिक्वेस्ट कुठल्या क्रमाने घ्यायच्या, या टॉपिकवर दर सेमला हाच मेसेज येतो. "सर, माझं टोटल हेड मूव्हमेंट २५२ येतंय, मित्राचं २१६, आन्सर की मध्ये तिसरंच काहीतरी आहे, नेमकं बरोबर कोणाचं?" मी नेरूळला सेम फोरच्या पोरांचं ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, घेतो, ऐरोली, कोपरखैरणे, कळव्याकडची मुलं येतात, आणि कॉलेज वेगवेगळी असली तरी घोळ सगळ्यांचा एकच असतो. बहुतेक वेळा बेरीज चुकलेली नसतेच. प्रश्नात न लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येकाने आपापल्या मनाने धरलेल्या असतात आणि तिथेच उत्तरं फुटतात. चांगली गोष्ट अशी की दोन उत्तरांमधला फरक किती आहे हे बघितलं की कोणी काय धरलंय ते बऱ्याचदा लगेच सांगता येतं.

एक प्रश्न घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू. डिस्कला २०० सिलिंडर, नंबर ० ते १९९. हेड आत्ता ७० वर आहे, याच्या आधीची रिक्वेस्ट ८५ वर सर्व्ह झाली. क्यू ज्या क्रमाने आली त्या क्रमाने: ११०, ७६, १८२, ३०, ६४, ९५, १८, १४५.

कुठलीही मेथड असो, पेपरवर पहिलं काम म्हणजे क्यू सॉर्ट करून एका ओळीत लिहा आणि हेड मध्ये टाका, म्हणजे १८, ३०, ६४, [७०], ७६, ९५, ११०, १४५, १८२. मूळ क्रम खोडू नका, तो नंतर एका ठिकाणी लागणार आहे. (एफसीएफएस विचारलं असेल तर मूळ क्रमानेच जायचं, त्याची टोटल ६०१ येते, त्यात काही वाद नाही.)

आता एसएसटीएफ, म्हणजे शॉर्टेस्ट सीक टाइम फर्स्ट. सगळ्यात जवळची रिक्वेस्ट आधी, पण जवळची म्हणजे हेड आत्ता जिथे आहे तिथून जवळची. बरीच मुलं एकदाच ७० पासून सगळ्यांची अंतरं काढतात, ती चढत्या क्रमाने लावतात आणि त्या क्रमाने जातात, मग ९५ झाल्यावर ३० वर उडी मारतात, तिथून परत ११० वर, परत १८ वर, असं करत करत टोटल ४३८ पर्यंत जाते. शेजारी पंधरावर ११० असताना ९५ वरून ३० ला कोण जाईल? हेड हललं की अंतरं पुन्हा काढायची, दर पायरीला. आणि त्यासाठी आठच्या आठ रिक्वेस्ट बघायची गरज नाही, सॉर्ट केलेल्या ओळीत हेडच्या लगेच डावीकडे जी शिल्लक आहे ती आणि लगेच उजवीकडे जी शिल्लक आहे ती, या दोघींचीच तुलना करायची. बाकीच्या त्यांच्या पलीकडेच असतात.

पण इथे पहिल्याच पायरीला अडतं. ७० पासून ६४ सहावर आणि ७६ पण सहावर. टाय. जायचं कुठे?

६४ ला गेलात तर रस्ता असा होतो: ७०, ६४, ७६, ९५, ११०, १४५, १८२, ३०, १८. अंतरं ६, १२, १९, १५, ३५, ३७, १५२, १२, टोटल २८८. ७६ ला गेलात तर ७०, ७६, ६४, ९५, ११०, १४५, १८२, ३०, १८, म्हणजे ६, १२, ३१, १५, ३५, ३७, १५२, १२, टोटल ३००. दुसऱ्या रस्त्यात ७६ वरून ६४ ला गेल्यावर पुढची जवळची कोण ते नीट बघा, डावीकडे ३० आहे चौतीसवर आणि उजवीकडे ९५ आहे एकतीसवर, म्हणून ९५. इथे घाईत ३० घेतलं की अजून एक वेगळंच उत्तर तयार.

तर २८८ आणि ३००, दोन्ही एसएसटीएफच. मेथडची व्याख्या फक्त 'जवळची आधी' एवढीच आहे, बरोबरीत काय करायचं ते तिच्यात सांगितलेलं नाही. म्हणून टाय तोडायचा नियम तुम्हालाच धरावा लागतो. दोन नियम चालतात: हेड ज्या दिशेने चाललंय त्याच दिशेने जा, किंवा क्यूमध्ये जी आधी आली ती घ्या. आपल्या प्रश्नात हेड ८५ वरून ७० वर आलं म्हणजे खाली चाललंय, तर दिशेच्या नियमाने ६४ येतं आणि उत्तर २८८. क्यूमध्ये ७६ आधी आहे, तर त्या नियमाने ३००. मला स्वतःला दिशेचा नियम जास्त पटतो, कारण हातातल्या दिशेलाच राहिलं की उगाच वळण पडत नाही. पण पेपरमध्ये कुठलाही धरा, फक्त उत्तराच्या वर एक ओळ लिहा की टाय असेल तेव्हा मी अमुक धरलंय. ती ओळ नसेल तर तपासणाऱ्याला तुमचं ३०० दिसणार आणि की मधलं २८८, त्याला कसं कळणार तुम्ही काय विचार केला.

प्रॅक्टिकलमध्ये हाच टाय कोडमध्ये लपून बसतो आणि तिथे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. हे रन करून बघा:

```python
def sstf(head, q):
    q = q[:]
    total = 0
    while q:
        n = min(q, key=lambda x: abs(x - head))
        total += abs(n - head)
        head = n
        q.remove(n)
    return total

q = [110, 76, 182, 30, 64, 95, 18, 145]
print(sstf(70, q))          # 300
print(sstf(70, sorted(q)))  # 288
```

फंक्शन तेच, रिक्वेस्ट त्याच, फक्त दुसऱ्या वेळी लिस्ट सॉर्ट करून दिली आणि उत्तर बदललं. कारण बरोबरी असली की `min` लिस्टमध्ये जो आधी सापडतो तो देतो. मूळ लिस्टमध्ये ७६ आधी, सॉर्ट केलेल्या लिस्टमध्ये ६४ आधी. सी मध्ये लिहिणाऱ्यांचं हेच `<` आणि `<=` वरून होतं, मूळ क्रमाच्या अ‍ॅरेवर `if (d < min)` लिहिलं तर पहिला सापडलेला राहतो, ७६, आणि `if (d <= min)` लिहिलं तर शेवटचा सापडलेला, ६४. एका चिन्हाने बारा सिलिंडरचा फरक. तेव्हा शेजारच्याचा प्रोग्रॅम वेगळं उत्तर देतोय म्हणून लगेच लूपमध्ये शिरू नका, आधी ही ओळ बघा.

आणि इथेच एक सापळा सांगून ठेवतो, कारण तो फार जणांना लागतो. सगळे जण प्रोग्रॅम टेस्ट करतात गॅल्विनच्या पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध क्यूवर, ९८, १८३, ३७, १२२, १४, १२४, ६५, ६७, हेड ५३. एसएसटीएफचं उत्तर २३६ आलं की खूश. पण त्या क्यूमध्ये टाय कुठेच येत नाही, त्यामुळे तुमचा टायचा नियम काय आहे हे तिथे तपासलंच जात नाही. दुसरं म्हणजे त्याच क्यूवर हेड ० कडे नेऊन स्कॅन काढलं तर ५३ अधिक १८३, ते पण २३६च! निव्वळ योगायोग आहे, पण मेन्यूत एसएसटीएफच्या जागी चुकून स्कॅनचं फंक्शन कॉल झालेलं असलं तरी आउटपुट तेच दिसतं आणि चूक कळत नाही. म्हणून टेस्टला माझी वरची क्यू घ्या किंवा स्वतः अशी बनवा ज्यात टाय आहे आणि मेथडनुसार उत्तरं वेगळी पडतात.

आता एलिव्हेटरकडे. इथे मेसेज सगळ्यात जास्त येतात.

एलिव्हेटरची कल्पना सोपी आहे, एक दिशा धरायची, त्या दिशेतल्या सगळ्या रिक्वेस्ट घेत जायचं, मग वळायचं. प्रश्न एवढाच की वळायचं कुठे. डिस्कच्या टोकाला जाऊन वळायचं की शेवटच्या रिक्वेस्टवरून वळायचं. टोकाला जाऊन वळलं तर स्कॅन, शेवटच्या रिक्वेस्टवरून वळलं तर लुक. पुस्तकांमध्ये 'एलिव्हेटर' हे नाव दोन्हीला लागलेलं सापडतं. गॅल्विनमध्ये स्कॅनला एलिव्हेटर म्हटलंय आणि तिथे हेड टोकापर्यंत जातं. टॅनेनबाउमच्या पुस्तकात एलिव्हेटर म्हणून जी मेथड दिलीय तिच्यात पुढे रिक्वेस्ट उरली नाही की तिथूनच दिशा उलटते, म्हणजे ती खरं तर लुक आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरची लिफ्ट आठवा, सत्ताविसाव्या मजल्यावर कोणी बटणच दाबलं नसेल तर लिफ्ट तिथे जाऊन येते का? नाही येत. म्हणजे नावाला खरी जागणारी लुकच, पण परीक्षेत स्कॅन लिहिलं असेल तर टोकाला जायचंच.

आपला प्रश्न सोडवू. आधी ८५, आता ७०, म्हणजे दिशा खाली. स्कॅन: ७० वरून ६४, ३०, १८ घेत ० पर्यंत, मग वळून ७६, ९५, ११०, १४५, १८२. लुक: ७० वरून ६४, ३०, १८, तिथूनच वळून ७६ पासून १८२ पर्यंत.

टोटल काढताना आठ-नऊ अंतरं लिहून बेरीज करायची काहीच गरज नाही. हेड एका दिशेने जातंय तोपर्यंत मधले थांबे कितीही असोत, अंतर म्हणजे सुरुवात ते वळण एवढंच. म्हणून फक्त वळणं पकडायची. स्कॅनला वळण ० वर, तर ७० ते ० म्हणजे ७०, आणि ० ते १८२ म्हणजे १८२, टोटल २५२. लुकला वळण १८ वर, ७० ते १८ म्हणजे ५२, १८ ते १८२ म्हणजे १६४, टोटल २१६. एसएसटीएफला पण हेच चालतं, २८८ वाल्या रस्त्यात वळणं ६४ आणि १८२ वर, तर ६ अधिक ११८ अधिक १६४, आलं २८८. लांबवर लिहिलेली बेरीज बरोबर आहे का हे तपासायला मी मुलांना हीच पद्धत सांगतो, दोन्हीकडून एकच आकडा आला तर बेरीज बरोबर.

दिशा वर धरली तर सगळंच बदलतं. स्कॅन ७० ते १९९ म्हणजे १२९, मग १९९ ते १८ म्हणजे १८१, टोटल ३१०. लुक ७० ते १८२ म्हणजे ११२, मग १८ पर्यंत १६४, टोटल २७६. म्हणून प्रश्नात 'याच्या आधीची रिक्वेस्ट अमुक ठिकाणी होती' असं वाक्य असेल तर ते माहिती म्हणून टाकलेलं नाही, ती दिशा आहे. काही जण उलट तिथूनच हेड सुरू करतात, ८५ पासून, आणि खाली जाणाऱ्या स्कॅनचं उत्तर २६७ आणतात. ८५ ते ७० हे अंतर आधीच होऊन गेलंय, ते मोजायचं नाही. दिशा प्रश्नात खरंच दिलेली नसेल तर एक धरा आणि तीही लिहा.

तर आता वर म्हटलं ते फरकाचं. समजा तुमचं उत्तर की शी जुळत नाही. दोन्हींची वजाबाकी करा आणि काय येतं ते बघा.

३६ आला आणि हेड खाली जातंय, तर एकाने स्कॅन केलंय आणि दुसऱ्याने लुक. कारण १८ वरून ० ला जायचं आणि परत १८ वर यायचं, म्हणजे १८ दोनदा. वरच्या दिशेला हाच फरक ३४ येतो, १८२ ते १९९ म्हणजे १७, दोनदा. कुठल्याही प्रश्नाला हे लागू आहे, फरक शेवटच्या रिक्वेस्टपासून टोकापर्यंतच्या अंतराच्या बरोबर दुप्पट असेल तर गोंधळ स्कॅन-लुकचाच.

फरक १७ आला, म्हणजे तुमचं २६९ आणि की मध्ये २५२, तर तुम्ही वळून आल्यावर १८२ वर न थांबता १९९ पर्यंत गेलात. स्कॅनमध्ये टोकाला जायचं ते पुढे दुसऱ्या बाजूच्या रिक्वेस्ट बाकी आहेत म्हणून. १८२ नंतर काहीच बाकी नाही, तिथे मोजणी थांबते.

फरक २ आला, ३१२ आणि ३१०, तर शेवटचा सिलिंडर २०० धरलाय. २०० सिलिंडर म्हणजे ० ते १९९, वरचं टोक १९९. एक जास्त जाताना, एक जास्त येताना. ही चूक फक्त हेड वरच्या टोकाला गेलं तरच दिसते, खाली जाणाऱ्या स्कॅनमध्ये लपून राहते, म्हणून एका प्रश्नात बरोबर आणि पुढच्यात चूक असं होतं आणि पोरं चक्रावतात.

तुमचं उत्तर नेमकं पहिल्या उडीएवढं कमी असेल, म्हणजे एसएसटीएफचं २८८ ऐवजी २८२, तर सुरुवातीच्या हेडपासून पहिल्या रिक्वेस्टपर्यंतचं अंतर राहिलंय. कोडमध्ये हे हमखास होतं, क्रमाचा अ‍ॅरे बनवतात, त्यात हेड टाकत नाहीत आणि मग शेजारच्या दोन-दोन घटकांची वजाबाकी करतात.

आणि फरक १२ असेल आणि मेथड एसएसटीएफ असेल तर ते वरचं टायचं प्रकरण. हा १२ मात्र या क्यूपुरता आहे, प्रत्येक प्रश्नात वेगळा येणार, तेव्हा टाय दिसला की दोन्ही रस्ते एकदा काढून बघणंच बरं.

एक शंका अजून हमखास येते, जवळची आधी घेऊनसुद्धा एसएसटीएफचं २८८ आणि लुकचं २१६, म्हणजे जवळ जाणाराच जास्त कसा फिरला? कारण तो फक्त पुढची एक उडी बघतो. ६४ नंतर ७६ बारावरच दिसलं म्हणून तो वर वळला, ३० आणि १८ मागे सोडले, आणि त्यांच्यासाठी शेवटी १८२ वरून १५२ सिलिंडरची लांब उडी मारावी लागली. लुकने खालच्या दोन्ही आधीच उरकल्या. म्हणून एसएसटीएफ म्हणजे सगळ्यात कमी टोटल असं कुठे लिहू नका, ते खरं नाही. आणि इथे तर क्यू ठरलेली आहे, चालू सिस्टीममध्ये नवीन रिक्वेस्ट येतच राहतात. हेड ११० वर असताना १२० आल्या, १३० आल्या, ११५ आल्या, तर १८ आणि ३० वाले तसेच ताटकळत बसतात, त्याला स्टार्व्हेशन म्हणतात. लुकमध्ये हेड वर गेलं तरी वळून येतंच, म्हणून तिथे १८ चा नंबर लागतो.

सी-स्कॅन विचारलं तर टोकाला पोचल्यावर दुसऱ्या टोकाला जी सरळ उडी असते ती मोजायची की नाही यावर वाद असतो. खालच्या दिशेने ७० ते ०, उडी ० ते १९९, मग १९९ ते ७६. उडी मोजली तर ३९२, नाही मोजली तर १९३. हेड खरंच तेवढं सरकतं, म्हणून मी मोजतो, आणि तसं लिहितो.

शेवटचं, प्रश्नात टोटल मूव्हमेंट ऐवजी वेळ विचारली असेल आणि दर सिलिंडरला ६ मिलिसेकंद दिले असतील तर सरळ गुणा, २१६ गुणिले ६ म्हणजे १२९६ मिलिसेकंद, २८८ ला १७२८. त्यात रोटेशनची वेळ स्वतःहून मिसळू नका, दिली असेल तरच प्रत्येक रिक्वेस्टमागे धरा. खऱ्या डिस्कमध्ये सिलिंडर आणि वेळ असं सरळ प्रमाण नसतं, हेडला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो त्यामुळे पाच सिलिंडरच्या दहा छोट्या उड्या पन्नासच्या एका उडीपेक्षा महाग पडतात, पण पेपरमध्ये जेवढं दिलंय तेवढंच धरायचं. एसएसडीला तर हेडच नसतं, तिथे हा हिशोब लागूच होत नाही. अजून कोणाचा फरक वरच्यापैकी कशातच बसत नसेल तर पूर्ण क्यू, हेड, दिशा आणि तुमचा क्रम असं सगळं खाली टाका, नुसता शेवटचा आकडा टाकून काही सांगता येत नाही.